घाट, नद्या, घटनादुरुस्त्या आणि व्याजाची सूत्रं: दोन महिन्यांत पाठ करून टिकवायची कशी?

प्रश्न: "संयुक्त पूर्व परीक्षेला दोन महिने राहिलेत. घाट, नद्या, घटनादुरुस्त्या, व्याजाची सूत्रं पाठ करतो, पण चार-पाच दिवसांत सगळं पुसलं जातं. पेपरात पर्याय समोर आले की दोन सारखेच वाटतात. ट्रिक्स बनवाव्यात की नुसती उजळणी करावी? अ‍ॅप बरं की कागद? आणि दिवसाला किती?"

उत्तर:

आधी 'दोन पर्याय सारखेच वाटतात' याबद्दल बोलू, कारण खरं दुखणं तिथे आहे. नोट्स पुन्हा पुन्हा वाचल्या की त्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा होतो. परीक्षेत चारही पर्याय ओळखीचे असतात, तसेच निवडलेले असतात. त्यामुळे नुसती ओळख तिथे काहीच मदत करत नाही, उलट आत्मविश्वासाने चुकीचा गोल काळा करायला लावते. या पेपरात १०० प्रश्न, ६० मिनिटं आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद, त्यातही वाचनाचा वेळ आलाच. उत्तर आतून, न बघता यायला हवं आणि झटकन यायला हवं. ट्रिक आणि उजळणी या दोन वेगळ्या कामांच्या गोष्टी आहेत. ट्रिकने माहिती पहिल्यांदा डोक्यात बसते, आणि उजळणी इतकी करायची की शेवटी ट्रिक न आठवताच उत्तर यावं.

यादी आणि क्रम यापासून सुरुवात करू. शाळेतलं 'तानापिहिनिपाजा' आपल्याला आजही येतं, कारण रंगांची नावं आधीच माहीत होती, फक्त क्रम हवा होता, आणि प्रत्येक रंगाचं पहिलं अक्षर वेगळं आहे. या दोन अटी पाळल्या नाहीत की आद्याक्षरांची ट्रिक फसते. घटनेच्या बारा अनुसूचींसाठी 'टीअर्स ऑफ ओल्ड पीएम' हे इंग्रजी सूत्र सगळीकडे फिरतं. त्यात 'ओ' दोनदा येतो: सहाव्या अनुसूचीला (ईशान्येकडील आदिवासी क्षेत्रं) आणि आठव्या अनुसूचीला (भाषा). मराठी माध्यमातला विद्यार्थी आधी इंग्रजी शब्द आठवतो, मग त्याचं मराठी करतो, मग बोटांवर मोजतो आणि नेमका सहा-आठमध्ये अडकतो. 'कंचेभागुबेव' मध्ये वेगळी खोच आहे. क्रम बरोबर पाठ असतो, पण बेरीज आणि वजाबाकी समान दर्जाच्या असतात आणि डावीकडून उजवीकडे सोडवायच्या असतात, हे त्या अक्षरांत नाही. १० − ४ + ३ चं उत्तर अक्षरांप्रमाणे आधी बेरीज करून ३ काढणारी मुलं मी दरवर्षी बघतो. बरोबर उत्तर ९ आहे. म्हणून कोणतीही ट्रिक घेताना ती काय सांगत नाही, हे तिच्या शेजारीच लिहून ठेवा.

भूगोलाच्या क्रमांसाठी मी आद्याक्षरं वापरूच देत नाही. तिथे रस्ता वापरायचा. ओळखीच्या वाटेवर एकेक गोष्ट ठेवत जायची ही पद्धत फार जुनी आहे, ग्रीक-रोमन वक्ते भाषणं अशीच लक्षात ठेवत. आपली सोय अशी की कोकणच्या बाबतीत काल्पनिक काही ठेवावंच लागत नाही. मुंबई–गोवा महामार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो, नद्या सह्याद्रीतून पश्चिमेकडे येतात, म्हणजे महामार्ग त्यांना क्रमानेच ओलांडत जातो.

पनवेलहून निघा. नागोठण्याला अंबा, कोलाडला कुंडलिका (राफ्टिंगला जातात तीच), महाडला सावित्री (२०१६ च्या ऑगस्टमध्ये तिथला जुना पूल वाहून गेला होता), चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, खारेपाटणला वाघोटण, कुडाळला कर्ली आणि बांद्याला तेरेखोल. तेरेखोलच्या पलीकडे गोवा. आठ गावं, आठ नद्या. पनवेलच्या वरच्या तीन नद्या या रस्त्यावर येत नाहीत. त्या दक्षिणेकडून उत्तरेकडे उल्हास, वैतरणा, दमणगंगा अशा आहेत, आणि त्यांना पश्चिम रेल्वे उपयोगी पडते: भाईंदर–नायगावमधली खाडी उल्हासची, विरारच्या पुढे वैतरणा नावाचंच स्टेशन, आणि दमणगंगा थेट गुजरातच्या हद्दीवर. या रस्त्याने कधी गेला नसाल तर फोनवर नकाशा उघडून एकदा बोटाने सगळा महामार्ग उतरा, मग कोऱ्या कागदावर एक उभी रेघ मारून गावं आणि नद्या लिहा. नकाशा समोर ठेवून नव्हे, बंद करून.

आता त्याच रेघेवर उजव्या बाजूला घाट बसवा. महाडहून भोरला जाणारा वरंधा, पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी, चिपळूणहून कराडला जाणारा कुंभार्ली, रत्नागिरीहून साखरप्यावरून कोल्हापूरला जाणारा आंबा, कणकवलीच्या बाजूने कोल्हापूरला जाणारा फोंडा, सावंतवाडीहून वर चढणारा आंबोली. वर मुंबईच्या बाजूला नाशिक रस्त्यावर थळ म्हणजे कसारा, कल्याण–आळेफाटा रस्त्यावर माळशेज आणि पुण्याच्या वाटेवर बोर, हे तीन आधी घ्या. एका रेघेवर दोन याद्या तयार झाल्या आणि दोन्ही एकमेकींना आधार देतात. कुंभार्ली कुठे ते विसरलात तरी चिपळूण आठवलं की वाशिष्ठी आणि कुंभार्ली दोन्ही हाती येतात.

इथे एक धोका आहे आणि तो या यादीत फार ठळक दिसतो. आंबेनळी, आंबा, आंबोली हे तीन घाट आणि अंबा ही नदी. चार नावं जवळजवळ सारखी. असल्या नावांची गल्लत नुसत्या उजळणीने सुटत नाही, उलट प्रत्येक उजळणीत ती थोडी पक्की होते. त्यांना समोरासमोर आणून फरक विचारावा लागतो. म्हणून या चौघांसाठी वेगळे प्रश्न लिहा. 'अंबा नदी आंबा घाटाजवळ आहे का?' उत्तर: नाही. नदी रायगडात नागोठण्याला, घाट रत्नागिरी–कोल्हापूर रस्त्यावर. 'आंबेनळी, आंबा, आंबोली यांत मधला कोणता?' उत्तर: आंबा. पेपरात दोन पर्याय सारखे वाटतात ते याच जागी, त्यामुळे ज्या जोड्यांत तुमची गल्लत होते त्यांची एक वेगळी यादीच ठेवा.

रस्ता पक्का झाला तरी एक कमतरता उरते. तुम्हाला क्रम पनवेलपासून येतो, पण प्रश्न मधूनच विचारतात: 'खालीलपैकी शास्त्री नदीच्या दक्षिणेस कोणती?' दर वेळी पनवेलहून निघालात तर ३६ सेकंद तिथेच संपतात. म्हणून दोन-तीन दिवस सुरुवातीपासून क्रम म्हटल्यावर मुद्दाम मधून सुरू करा. संगमेश्वरहून उत्तरेला दोन नद्या सांगा. कुडाळच्या वरची कोणती, खालची कोणती. बांद्यापासून उलट या. हे जमायला लागलं की मग क्रम लावा, जोड्या लावा, अयोग्य पर्याय शोधा, काहीही विचारलं तरी फरक पडत नाही.

आकड्यांसाठी आपल्याकडची कटपयादी पद्धत मला सगळ्यांत उपयोगी वाटते. जुन्या गणित-ज्योतिषाच्या ग्रंथांत, विशेषतः केरळात, ती वापरात होती. कर्नाटक संगीतातल्या मेळकर्त्या रागांचे क्रमांकही त्यांच्या नावांतून याच रीतीने निघतात. प्रत्येक व्यंजनाला एक अंक असतो, स्वरचिन्हं मोजायची नाहीत.

१: क ट प य
२: ख ठ फ र
३: ग ड ब ल
४: घ ढ भ व
५: ङ ण म श
६: च त ष
७: छ थ स
८: ज द ह
९: झ ध
०: ञ न

मूळ पद्धतीत अंक उजवीकडून डावीकडे वाचतात. आपण सोयीसाठी सरळ वाचू आणि जोडाक्षरं टाळू. आता घटनादुरुस्त्या घ्या. ५२ वी दुरुस्ती, १९८५, पक्षांतरबंदी: ५ म्हणजे म, २ म्हणजे र, शब्द झाला 'मोर'. पक्ष, पक्षी, मोर. ४४ वी, १९७८, मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला: भ आणि व, 'भाव'. मालमत्तेचा भाव. ४२ वी, १९७६, प्रस्तावनेत समाजवादी आणि धर्मनिरपेक्ष हे शब्द आले: 'घर', आणि प्रस्तावना म्हणजे त्या घराचं दार. ७३ वी पंचायतींची: 'सगे', गावात सगे राहतात. ७४ वी नगरपालिकांची: 'थवे', शहरात माणसांचे थवे. दोन्ही १९९२ च्या. ८६ वी, २००२, शिक्षणाचा हक्क: 'हात', हातात पाटी. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणणाऱ्या ६१ व्या दुरुस्तीचा शब्द तुम्हीच बनवा: पहिलं अक्षर च, त, ष पैकी, दुसरं क, ट, प, य पैकी. स्वतः शोधलेला शब्द दुसऱ्याने दिलेल्यापेक्षा जास्त टिकतो, म्हणून वरचे शब्दही पटले नाहीत तर बदला.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. वीस-पंचवीस आकड्यांपर्यंत ती छान चालते. शंभर कलमांना शंभर शब्द लावायला गेलात तर शब्दच एकमेकांत मिसळतात. वारंवार गल्लत होणाऱ्या आकड्यांनाच शब्द द्या. कलम १४ समानतेचं, हे ज्याला येतं त्याने त्यासाठी शब्द शोधण्यात वेळ घालवू नये.

सूत्रांचं मात्र वेगळं आहे. तिथे अक्षरांची ट्रिक मी पूर्ण टाळायला सांगतो, कारण सूत्र पाठ असूनही गुण जातात ते 'कुठलं सूत्र कुठे' यावर. चक्रवाढ आणि सरळव्याजातला फरक घ्या. दोन वर्षांसाठी:

फरक = मुद्दल × (दर/१००)²

तीन वर्षांसाठी:

फरक = मुद्दल × (दर/१००)² × (३ + दर/१००)

हे एकदा हाताने काढून बघा. पहिल्या वर्षी दोन्ही व्याजं सारखीच. दुसऱ्या वर्षी चक्रवाढीत जास्तीचं काय मिळतं, तर पहिल्या वर्षीच्या व्याजावरचं व्याज. ₹८००० वर १० टक्के दराने पहिल्या वर्षीचं व्याज ८००, त्यावर १० टक्के म्हणजे ८०. हाच दोन वर्षांचा फरक. तीन वर्षांचा फरक ८० × ३.१ म्हणजे २४८. ताळा करा: ८००० × १.३३१ = १०६४८, म्हणजे चक्रवाढव्याज २६४८. सरळव्याज २४००. फरक २४८. एवढं एकदा कळलं की पहिलं सूत्र विसरलं तरी पाच सेकंदांत पुन्हा उभं राहतं. दुसरं मात्र पाठच ठेवा, परीक्षेत ते काढत बसायला वेळ नसतो.

उजळणीसाठी पुढे प्रश्न आणि मागे उत्तर अशी कार्डं करा, पण कार्डावर 'दोन वर्षांच्या फरकाचं सूत्र काय?' असं लिहू नका. असा प्रश्न पेपरात येत नाही. कार्डाच्या पुढच्या बाजूला छोटं उदाहरण लिहा: '१० टक्के दराने २ वर्षांतला फरक ८०, मुद्दल किती?' आणि मागे फक्त सूत्र आणि उत्तर. दर आठवड्याला आकडे बदला, नाहीतर तुम्हाला ८००० हे उत्तर पाठ होईल आणि सूत्र नाही.

आता उजळणीचं वेळापत्रक. आठवणीचा उतार पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत तीव्र असतो, हे हर्मन एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर निरर्थक अक्षरांचे प्रयोग करून मांडलं होतं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी. मग तिसऱ्या, सातव्या, सोळाव्या आणि पस्तिसाव्या दिवसाच्या आसपास. दोन महिन्यांसाठी एवढ्या पाच फेऱ्या पुरतात. उजळणी म्हणजे वाचन नव्हे, आधी उत्तर झाकून आठवायचं आणि मग बघायचं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवणारे पुढे गेले. रात्री वाचून 'आलं' असं वाटतं आणि चार दिवसांत पुसलं जातं, ते यामुळेच.

अ‍ॅप की कागद, याचं उत्तर तुमच्या फोनच्या सवयीवर आहे. फोन हातात घेतला की अर्धा तास दुसरीकडे जात असेल तर कागदच बरा. बुटांच्या खोक्यात चार कप्पे करा: पहिला रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं थेट पहिल्यात. कप्प्यांची ही रीत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात रूढ केली.

अँकी हे कार्डांच्या उजळणीचं अ‍ॅप वापरणार असाल तर दोन-तीन सेटिंग्ज आधीच बदला. `Maximum interval` मुळात ३६५०० दिवस असतो. तसाच ठेवलात तर नीट आलेली कार्डं परीक्षेनंतरच्या तारखेला ढकलली जातात. तो १५ ते २० ठेवा. `New cards/day` २० पेक्षा जास्त नको. घाट–रस्ता, दुरुस्ती–विषय अशा जोड्यांना `Basic (and reversed card)` हा प्रकार घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी विचारलं जाईल. आठवेळा विसरलेल्या कार्डावर अँकी `Leech` अशी खूण करतं. तो आकडा मी ४ वर आणायला सांगतो. चारदा चुकलेलं कार्ड पाचव्यांदा पाहून येत नाही, त्याचा प्रश्नच नीट लिहिलेला नसतो. बहुतेक वेळा त्यात दोन गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात किंवा त्याचं जुळं कार्ड दुसरीकडे पडलेलं असतं. ते फाडा, दोन कार्डं करा, किंवा वर सांगितल्यासारखा फरक विचारणारा प्रश्न करा.

दिवसाला वीसच का, याचा हिशेब मांडतो. प्रत्येक कार्ड पाचदा परत येणार असेल तर पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत रोजच्या उजळण्या २० × ५ म्हणजे १०० होतात, चुकलेली धरून १२० च्या आसपास. एका कार्डाला दहा सेकंद धरली तर वीस मिनिटं. हे रोज पाळता येतं. पहिल्या आठवड्यात उत्साहाने रोज ६० कार्डं घालणाऱ्यांची उजळणी महिन्याभरात तासावर जाते, दोन दिवस चुकले की सहा-सातशे कार्डं साचतात, आणि मग सगळंच बंद पडतं. तसं साचलं तर नवीन कार्डं लगेच थांबवा, साचलेल्यांतली सर्वांत ताजी आधी उरका आणि बाकीची तीन दिवसांत वाटून घ्या.

तयार आणलेला कार्डांचा गठ्ठा घेऊ नका. कार्ड लिहिताना निम्मा अभ्यास होतो, आणि दुसऱ्याच्या गठ्ठ्यात कुठल्या जोड्यांत तुमची गल्लत होते ते नसतं.

कार्ड पक्कं झालं हे ओळखायची माझी खूण अशी: 'पक्षांतरबंदी' वाचल्यावर 'मोर' आठवायच्या आत ५२ आलं तर ते पक्कं. आधी मोर, मग म-र, मग ५२ असा प्रवास अजून होत असेल तर त्याला आणखी दोन फेऱ्या हव्यात. उत्तर बरोबर आहे म्हणून ते पुढच्या कप्प्यात टाकू नका. पाच सेकंदांच्या आत आलं तरच टाका. अँकीत अशा वेळी `Hard` दाबा, `Good` नाही.

शेवटच्या दोन आठवड्यांत नवीन कार्ड एकही नको. त्या दिवसांत घातलेल्या कार्डाला पुरेशा फेऱ्या मिळत नाहीत आणि ते शेजारच्या पक्क्या कार्डात गोंधळ घालतं. त्याऐवजी रोज एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवा आणि चुकलेल्या प्रश्नावरून मागे कार्डाकडे जा: कार्ड होतं आणि आठवलं नाही, की कार्डच नव्हतं, की कार्ड होतं पण प्रश्न दुसऱ्या बाजूने आला? तिसरा प्रकार सर्वांत जास्त सापडतो आणि त्याचा इलाज सोपा आहे, उलट दिशेचं एक कार्ड वाढवायचं. परीक्षेच्या चार दिवस आधी गल्लतीच्या जोड्यांची यादी, रस्त्याची उभी रेघ आणि `Leech` झालेली कार्डं एवढंच घ्या. रेघ कोऱ्या कागदावर एकदा वरून खाली आणि एकदा बांद्यापासून वर काढा. जिथे पेन थांबेल तेवढ्याच जागा त्या दिवशी पुन्हा बघायच्या, बाकी काही उघडू नका.